फोटोतली प्रश्नमंजुषा : मुलांना देण्याआधी एक नजर टाकाल का?

वऱ्हाडची_बाई

नमस्कार मंडळी. मी जिल्हा परिषदेच्या शाळेत सहावी-सातवीला शिकवते. माहेर अकोल्याकडचं, नोकरीची पहिली अकरा वर्षंही तिकडेच गेली. ह्यांच्या नोकरीमुळे मागच्या वर्षी आंतरजिल्हा बदली घेऊन परभणी जिल्ह्यात आले.

दर शनिवारी मुलांना हाताने लिहिलेली छोटी प्रश्नमंजुषा देते. झेरॉक्सचं मशीन दिवाळीपासून बंद आहे, म्हणून फुलस्केपवर लिहायचं, मोबाइलने फोटो काढायचा आणि पालकांच्या गटावर टाकायचा. मुलं घरच्या फोनवर बघून वहीत उत्तरं लिहून आणतात. मागच्या खेपेला एका प्रश्नाला दोन उत्तरं बरोबर निघाली. मग दोन दिवस गटावर जे चाललं ते सांगत नाही.

या वेळी उत्तरं तीनदा तपासली आहेत. शेजारच्या वर्गाच्या मॅडमनीही बघून "छान आहे" म्हटलं. तरी धाकधूक आहे. फोटो जोडला आहे. शब्द कुठे गोंधळाचे वाटतात का, कुठे दोन पर्याय बरोबर येतात का, एवढंच सांगा. शनिवारला अजून चार दिवस आहेत.

चहा_आणि_खारी

फोटो दिसत नाहीये.

नाम्या

मला दिसतोय. उत्तरं : १-ब, २-क, ३-ब, ४ कळला नाही. माझे किती गुण झाले, बाई? 😀

वऱ्हाडची_बाई

अहो, उत्तरं नकोत, चुका हव्यात!

खडूची_पूड

ज्यांना फोटो दिसत नाही त्यांच्यासाठी टंकतो. जसं दिसतंय तसंच लिहिलं आहे.

१. महाराष्ट्रातील सर्वात लहान जिल्हा कोणता? अ) सिंधुदुर्ग ब) मुंबई शहर क) हिंगोली ड) भंडारा
२. रब्बी हंगामातील पीक कोणते? अ) कापूस ब) ज्वारी क) गहू ड) सोयाबीन
३. पूर्णा ही कोणत्या नदीची उपनदी आहे? अ) कृष्णा ब) तापी क) गोदावरी ड) नर्मदा
४. पुढीलपैकी कोणती नदी पूर्ववाहिनी? अ) गोदावरी ब) भीमा क) तापी ड) कृष्णा

बाई, चौथ्यात एक नाही, दोन नाही, तीन उत्तरं बरोबर आहेत. गोदावरी, भीमा, कृष्णा तिन्ही पूर्वेकडेच जातात.

वऱ्हाडची_बाई

सर, प्रश्न "पूर्ववाहिनी नाही" असा आहे! उत्तर तापी.

खडूची_पूड

फोटोत "नाही" नाही.

वऱ्हाडची_बाई

थांबा, बघते.

अरे देवा. कागदावर आहे. ओळीच्या अगदी टोकाला बसवला होता, आणि फोटो काढताना उजवी कड कापली गेली. मी तीनदा तपासलं ते कागदावर. फोटो एकदाही नीट उघडून बघितला नाही.

जुना_परीक्षक

बाई, तुमची तयारी चांगली आहे म्हणून सविस्तर लिहितो. तीस वर्षं पेपर काढले आणि तपासले, त्यातला बराच काळ दुसऱ्यांनी काढलेले पेपर निस्तरण्यात गेला.

"उत्तरं तीनदा तपासली" म्हणता, म्हणजे तुम्ही बरोबर पर्याय बरोबर आहे का ते तीनदा बघितलंत. तो बरोबरच असणार, तुम्हीच तर लिहिलाय. घोटाळा बहुतेक वेळा उरलेल्या तिघांत असतो, आणि तिकडे कोणी बघत नाही. मी काय करायचो ते सांगतो. प्रत्येक चुकीच्या पर्यायापुढे पेन्सिलीने एक पूर्ण वाक्य लिहायचं : "हा चूक, कारण..." वाक्य अडखळलं नाही तर पर्याय ठीक. पण लिहिताना "तसं बरोबर आहे, पण..." अशी सुरुवात व्हायला लागली की तिथे दुसरं उत्तर दडलंय असं समजायचं.

तुमच्या दुसऱ्या प्रश्नावर करून बघा. कापूस चूक, कारण तो खरिपात पेरतात. सोयाबीन चूक, कारण तेही खरिपाचं. ज्वारी चूक, कारण... पुढचं तुम्ही लिहा.

वऱ्हाडची_बाई

ज्वारी चूक, कारण ती खरिपाची. आमच्याकडे मृगावर पेरतात की.

शाळूची_भाकर

काय ओ बाई! रब्बीची ज्वारी म्हणजे आमचा जीव की प्राण. मी मंगळवेढ्याची. आमच्याकडं ऑगस्ट-सप्टेंबरला पाऊस मुरला की काळ्या रानात ज्वारी पेरत्यात, थंडीत ती दवावर वाढती आणि फेब्रुवारी-मार्चला काढणी. मालदांडी म्हणून विचारा कुणालाबी. तुमच्या पेपरात ती चूक धरली तर आमची पोरं घरी येऊन आधी आजोबांनाच विचारतील.

वऱ्हाडची_बाई

ताई, मला शाळू माहीत आहे, खाल्ला पण आहे! पण "ज्वारी" म्हटल्यावर डोळ्यांसमोर आमचंच शेत आलं.

जुना_परीक्षक

आणि तुमच्या शाळेच्या आजूबाजूला काय पेरतात ते विचारलंत का कधी? परभणी म्हणजे रब्बी ज्वारीचाच मुलूख. तिथल्या कृषी विद्यापीठाने काढलेलं "परभणी मोती" हे वाण रब्बीचंच आहे. तुमच्या वर्गातल्या अर्ध्या मुलांनी जानेवारीत हुरडा खाल्ला असेल.

आता हेच तिसऱ्या प्रश्नाला लावा. "गोदावरी चूक, कारण..."

अकोलेकर_पुण्यात

तिसऱ्यात काय चूक आहे? पूर्णा तापीचीच. सातपुड्यात बैतूल जिल्ह्यात उगम, मग अमरावती, अकोला, बुलढाणा करत जळगाव जिल्ह्यात चांगदेवला तापीला मिळते. लहानपणापासून बघतोय. खारपाणपट्ट्यातला आहे मी, आमच्या विहिरीचं पाणी कसं लागतं ते सांगू का?

येलदरी_काठ

भाऊ, तुमची पूर्णा खरी, पण आमची पण खरीच आहे. ती अजिंठ्याच्या डोंगरात उगवते, जालना जिल्ह्यातून परभणी-हिंगोलीकडं येते. येलदरीचं धरण तिच्यावरच, त्याच्या खाली सिद्धेश्वर. पुढं ती गोदावरीला मिळते. आमच्याकडं पूर्णा नावाचं आख्खं गाव आहे, रेल्वेचं जंक्शन. बाई तर त्याच जिल्ह्यात शिकवतायत म्हणे! तिथली लेकरं "तापी" कशाला लिहितील?

वऱ्हाडची_बाई

मी वर्षभर त्याच जंक्शनवरून येजा करतेय आणि मला एकदाही सुचलं नाही. हसावं की रडावं कळत नाही.

अकोलेकर_पुण्यात

ठीक आहे, पण तुमच्या नदीला काही जण दक्षिण पूर्णा म्हणतात ना? मग नुसती "पूर्णा" म्हणजे तापीचीच धरायला काय हरकत आहे?

येलदरी_काठ

घरी कुणी "दक्षिण" लावत नाही दादा. लेकरू घरी जे ऐकतं तेच लिहिणार.

खडूची_पूड

अवांतर : गुजरातेत डांगातून नवसारीकडे जाणारी तिसरी पूर्णाही आहे, ती सरळ अरबी समुद्राला मिळते. पर्यायांत "यांपैकी नाही" घातलंत तर तीही खरी.

सरळ_रेषा

एवढं डोकं कशाला लावताय? कागदाच्या डोक्यावर "सर्वात योग्य पर्याय निवडा" असं लिहा, विषय संपला. स्पर्धा परीक्षेत हेच असतं.

जुना_परीक्षक

ती ओळ काही ठिकाणी कामाची असते. "झाडं कापल्यामुळे काय होते?" याला चारपैकी तीन परिणाम थोडेथोडे खरे असतील आणि एक जास्त खरा असेल, तर "सर्वात योग्य" म्हणायला अर्थ आहे. पण पूर्णा तापीला जास्त मिळते आणि गोदावरीला कमी, असं काही आहे का? दोन वेगळ्या नद्या आहेत. आणि स्पर्धा परीक्षेचंच म्हणाल तर आयोगसुद्धा आधी पहिली उत्तरतालिका लावतो, हरकती मागवतो, मग पुढची काढतो. त्यात प्रश्न रद्द होतात. वरच्या ओळीने विषय संपत असता तर हे सगळं कशाला लागलं असतं?

सरळ_रेषा

बरं, मग "पाठ्यपुस्तकानुसार" लिहा. पुस्तकात जे आहे तेच उत्तर. शिक्षकाने पुस्तकाबाहेर जायचंच कशाला?

शाळूची_भाकर

म्हणजे पोरानं शेतात बघितलं ते चूक आणि पुस्तकात वाचलं ते बरोबर? वा!

सरळ_रेषा

ताई, तसं नाही म्हणत मी. चाळीस मुलांचे पेपर तपासताना एक ठरलेला आधार लागतो, एवढंच. प्रत्येकाच्या शेतात जाऊन गुण देता येत नाहीत.

मुलीची_आई_७६

पण आठवीच्या शिष्यवृत्ती परीक्षेत दोन पर्याय बरोबर असलेले प्रश्न असतात ना? माझ्या मुलीने दिली तेव्हा होते, दोन्ही गोल रंगवायचे होते. मग दोन उत्तरं आली तर बिघडलं कुठे? तिचा तर एक गोल राहिला म्हणून गुण गेला. तेव्हा मी किती भांडले, कोणी ऐकून घेतलं नाही.

खडूची_पूड

ताई, तिथे दोन पर्याय बरोबर असतात ते ठरवून. दोन्ही नोंदवायचे हे आधी सांगितलेलं असतं, आणि असे प्रश्न पेपरात जास्तीत जास्त वीस टक्के. मुलाला माहीत असतं की दोन शोधायचे आहेत. इथे मुलाला एक शोधायला सांगितलंय आणि सापडतात दोन. अशा वेळी हुशार पोरगं जास्त अडकतं. ज्याला फक्त एकच पूर्णा माहीत आहे ते पटकन लिहून मोकळं होतं. ज्याला दोन्ही माहीत आहेत ते बिचारं बाईंच्या मनात कोणती असेल याचा अंदाज लावत बसतं.

मुलीची_आई_७६

हे पटलं. पण तिचा गुण जायला नको होता असं मला अजूनही वाटतं.

नाम्या

पहिल्या प्रश्नावर कोणीच बोलत नाहीये. मी मुंबई शहर लिहिलं, ते बरोबर ना?

जुना_परीक्षक

तुमच्या मनात क्षेत्रफळ होतं, म्हणून बरोबर. अवघा १५७ चौरस किलोमीटरचा जिल्हा. पण लोकसंख्या धरली तर २०११च्या जनगणनेत सर्वात खाली सिंधुदुर्ग आहे, आणि तो पर्याय "अ"ला बसलाय. तालुके मोजले तर हिंगोलीचे पाचच.

अशा प्रश्नाला आणखी सोपी चाचणी आहे. हाताने चारही पर्याय झाकायचे आणि नुसता प्रश्न वाचायचा. "महाराष्ट्रातील सर्वात लहान जिल्हा कोणता?" लगेच तोंडातून येतं, "कशाने लहान?" ऐकणाऱ्याला उलटा प्रश्न विचारावासा वाटला की शब्द कमी पडलेत. "क्षेत्रफळाने" एवढा एक शब्द घातला की काम झालं.

चहा_आणि_खारी

लहान म्हणजे वयाने धरलं तर पालघर. १ ऑगस्ट २०१४चा जन्म. 😀

(फोटो आता दिसला. फिरवून बघावा लागला.)

वऱ्हाडची_बाई

सगळ्यांना दंडवत. चारपैकी चारही प्रश्न सदोष निघाले, हा विक्रमच म्हणायचा. नवीन मसुदा असा :

१. क्षेत्रफळाने महाराष्ट्रातील सर्वात लहान जिल्हा कोणता? (पर्याय तेच)
२. फक्त रब्बी हंगामात घेतले जाणारे पीक कोणते? (पर्याय तेच, ज्वारी मुद्दाम ठेवली आहे)
३. येलदरी धरण ज्या पूर्णा नदीवर आहे, ती पुढे कोणत्या नदीला मिळते? (पर्याय तेच)
४. यांपैकी तीन नद्या पूर्वेकडे वाहतात. पूर्वेकडे न वाहणारी नदी कोणती? (पर्याय तेच)

खडूची_पूड

चौथा आवडला. आता "न" कापला गेला तरी पहिल्या वाक्यावरून मूल सावरेल. तरी तो "न" ठळक करा, खाली रेघ मारा.

फोटोचं सांगतो, कारण मीही वर्षभर हेच केलंय. चारी बाजूंना दोन-दोन बोटं समास सोडून लिहा. शाईचं निळं पेन नको, काळं जेल पेन घ्या. कागद वहीतला नको; मधली घडी वर उचलली जाते आणि तिथली अक्षरं वाकडी होतात. खिडकीजवळ सपाट ठेवून बरोबर वरून फोटो घ्या, आपलीच सावली पडते तिकडे लक्ष ठेवा. पाठवताना व्हॉट्सॲपवर नुसता फोटो म्हणून टाकू नका, डॉक्युमेंट म्हणून टाका. फोटो दाबून लहान केला जातो आणि बारीक अनुस्वार, वेलांट्या पुसट होतात. माझ्याकडे एकदा "कोणते"ची मात्रा अशीच गेली होती आणि "एक की अनेक" यावर वर्ग अडला होता.

आणि पर्याय दोन-दोनच्या जोडीने लिहिलेत, ते एकाखाली एक घ्या. काही मुलं आडवं वाचतात, काही उभं. तुमच्या अक्षरात "ब"च्या पोटातली रेघही फारशी दिसत नाही, "व" वाटतो.

वऱ्हाडची_बाई

"ब"वर घरी पण टोमणे खाते मी. 🙏

अकोलेकर_पुण्यात

दुसऱ्यात ज्वारी मुद्दाम ठेवली हे नाही पटलं. "फक्त" या एका शब्दावर सगळा प्रश्न टांगलाय. हा शेतीचा प्रश्न राहिला नाही, वाचनाचा झाला. ज्वारी काढा, मूग घाला आणि मोकळे व्हा.

जुना_परीक्षक

मी उलट म्हणेन. ज्वारी दोन्ही हंगामांत येते हे ज्याला कळलंय आणि ज्याला नाही, यांच्यातला फरक त्याच पर्यायाने दिसतो. कापूस, सोयाबीन, मूग आणि गहू ठेवले तर सगळेच गहू लिहितील, त्यातून बाईंना काय कळणार?

अकोलेकर_पुण्यात

हे कळेल की रब्बी-खरीप माहीत आहे. सहावीला तेवढं पुरे.

जुना_परीक्षक

असो. बाई, तुमचा वर्ग, तुम्ही ठरवा. एक मात्र करा. शनिवारनंतर प्रत्येक प्रश्नाला अ किती, ब किती हे मोजा. हात वर करायला लावूनही होतं. नेहमी चांगली उत्तरं देणारी मुलं एखाद्या "चुकीच्या" पर्यायावर जमलेली दिसली, तर मुलांना दोष देण्याआधी प्रश्न पुन्हा वाचा आणि त्यांना विचारा.

आणि पुढच्या वेळी तपासायला शेजारच्या मॅडमऐवजी दुसऱ्या जिल्ह्यातल्या कोणाला तरी फोटो पाठवा, उत्तरं न सांगता. मॅडम कुठल्या?

वऱ्हाडची_बाई

त्याही अकोल्याच्याच. 😔 आम्ही दोघी एकाच बदली यादीतल्या.

नाम्या

प्रतिसाद काढून टाकला आहे.

वऱ्हाडची_बाई

(सहा दिवसांनी)

हकिकत सांगायला आले. एकतीस मुलं होती. फोटो डॉक्युमेंट म्हणून टाकला, आधी सासूबाईंच्या जुन्या फोनवर उघडून बघितला. चौथा प्रश्न सगळ्यांना नीट वाचता आला, अठ्ठावीस जणांनी तापी लिहिलं. येलदरीला सत्तावीस बरोबर. पहिल्यालाही फारशी अडचण नाही, दोघांनी तेवढं हिंगोली लिहिलं.

दुसऱ्याला बारा जणांनी ज्वारी लिहिली. त्यात वर्गातली पहिल्या पाचातली तिघं. परीक्षक काकांनी सांगितलं होतं म्हणून त्यांना उभं करून विचारलं. म्हटलं, "अरे, 'फक्त' वाचलं नाहीत का?" एक मुलगी म्हणाली, "वाचलं ना बाई. आमच्या रानात ज्वारी फक्त रब्बीलाच पेरतात. खरिपाला सोयाबीन असतं."

आता बोला.

शाळूची_भाकर

पोरगी खरं बोलली! आमच्याकडं पण तसंच.

अकोलेकर_पुण्यात

मी मूग म्हटलं होतं.

जुना_परीक्षक

हे माझ्याही लक्षात आलं नव्हतं. "फक्त" कुठे, ते आपण लिहिलंच नाही. "महाराष्ट्रात फक्त रब्बी हंगामात" असं हवं होतं. मी त्या बारा जणांना गुण देईन.

सरळ_रेषा

बाराही जणांना? त्या तिघांना कारण सांगता आलं, बाकीच्यांनी कदाचित "फक्त" न वाचताच लिहिलं असेल. त्यांना कसले गुण? यापेक्षा प्रश्नच रद्द करा, सगळ्यांना सारखं.

मुलीची_आई_७६

रद्द केला तर ज्यांनी गहू लिहिला त्यांचा गुण जातो. त्यांच्या आया गप्प बसतील का?

वऱ्हाडची_बाई

तोच पेच आहे. तूर्त गहू आणि ज्वारी दोन्हीला गुण दिलेत आणि ज्वारी लिहिणाऱ्या उरलेल्या नऊ जणांना उद्या एकेकाला विचारणार आहे, आपल्या रानात ज्वारी कधी पेरतात. दोघांच्या घरी शेती नाही, त्यांचं काय करायचं ते अजून ठरलं नाही.